विषय: कंडिशन मॉनिटरिंगमधल्या इंटर्नशिपसाठी ओळख करून द्याल का?

आदरणीय सर,

मी मृणाल, मेकॅनिकल, तिसरं वर्ष. गेल्या सत्रात तुमच्या व्हायब्रेशनच्या तासाला दुसऱ्या बाकावर बसायचे. टॅकोमीटरचा किस्सा सांगितला तर लगेच आठवेल.

एक विनंती आहे. उन्हाळी सुट्टीत, १५ मे ते १० जुलै असे आठ आठवडे, मला फिरत्या यंत्रांच्या कंडिशन मॉनिटरिंगमध्ये इंटर्नशिप करायची आहे. त्या क्षेत्रातल्या तुमच्या परिचयातल्या एक-दोन जणांशी माझी ओळख करून द्याल का? कॉम्प्रेसरच्या देखभालीवर व्याख्यान द्यायला तुमचे जे माजी विद्यार्थी आले होते, ते माझ्या डोक्यात आहेत. अलार्मची पातळी ठरवताना यंत्राचा स्वतःचा जुना रेकॉर्ड नुसत्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं ते म्हणाले होते. व्याख्यान संपल्यावर मला त्यांना त्यावर विचारायचं होतं, पण भोवती गर्दी होती आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही.

आधी स्वतःच्या बळावर प्रयत्न केला. चौदा कंपन्यांना थेट मेल पाठवले. दोन उत्तरं आली, त्यातलं एक सुट्टीवर असल्याचं आपोआप आलेलं. दुसऱ्या ठिकाणी कॉलेजमधलं कुणी ओळखीचं आहे का, असं विचारलं. म्हणून तुम्हाला लिहितेय.

ओळख करून देताना माझ्या नावामागे तुमचा शब्द जाणार, म्हणून मला काय येतं आणि काय येत नाही ते आधीच सांगते. ६२०५ बेअरिंगच्या प्रयोगात बाहेरच्या रेसवर मुद्दाम खाच पाडली होती. ९ बॉल, मोटर १५०० आरपीएम धरून दोषाची वारंवारता ८९.६ हर्ट्झ यायला हवी होती. साध्या स्पेक्ट्रममध्ये काहीच धड दिसेना, म्हणून तुमच्या सांगण्यावरून एन्व्हलप काढला. पीक आला, पण ८७.५ ला. दोन दिवस मी माझ्या कोडमध्ये चूक शोधत बसले. तुम्ही येऊन एवढंच विचारलंत, "मोटर खरंच पंधराशेने फिरतेय का?" टॅकोमीटर लावला तर १४६४. इंडक्शन मोटरला स्लिप असतो हे परीक्षेत लिहून आले होते, प्रयोगाच्या टेबलावर मात्र विसरले. त्यानंतर कोणतंही रीडिंग घेताना वेग आधी मोजते. पूर्ण रिपोर्ट सोबत जोडलाय. ती दोन दिवसांची फजितीही त्यात आहे, काढून टाकली नाही.

पायथॉनमध्ये सिग्नल वाचणं, एफएफटी, फिल्टर आणि एन्व्हलप एवढं मी स्वतः करू शकते. प्रत्यक्ष कारखान्यात चालू यंत्रावर सेन्सर बसवण्याचा अनुभव शून्य आहे, आणि मला नेमकं तेच शिकायचंय. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये माझे गुण कमी आहेत. गुणपत्रिकेत ते दिसतीलच, तेव्हा तुम्हाला ते माझ्याकडूनच आधी कळावं. मानधन मिळालं तर आनंदच, पण माझी ती अट नाही.

तुमचा वेळ जाऊ नये म्हणून पुढे पाठवण्यासाठी चार ओळी लिहून ठेवल्यात. हव्या तशा बदला:

"माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी मृणाल हिला १५ मे ते १० जुलै या काळात कंडिशन मॉनिटरिंगमध्ये इंटर्नशिप हवी आहे. प्रयोगशाळेत तिने बेअरिंगमधील दोष एन्व्हलप विश्लेषणाने शोधण्याचं काम केलं आहे. प्रत्यक्ष यंत्रावर शिकण्याची तिची इच्छा आहे. तुमच्याकडे जागा असल्यास, किंवा तिच्याशी पंधरा मिनिटं बोलणं शक्य असल्यास कळवावं. तिचा रेझ्युमे जोडला आहे."

शिफारस करण्याइतकं तुम्ही माझं काम पाहिलेलं नाही असं वाटत असेल, तर मोकळेपणाने नाही म्हणा सर, मला वाईट वाटणार नाही. तसं असेल तर फक्त रिपोर्टवर एक नजर टाकून कुठे कच्ची आहे ते सांगितलंत तरी मला पुष्कळ होईल. गुरुवारी तुमचा तास चारला संपतो. चालणार असेल तर मी तेव्हा केबिनबाहेर थांबते.

कुणाशी ओळख करून दिलीत, तर त्यांना त्याच दिवशी मेल करेन आणि पुढे काय झालं ते तुम्हालाही कळवेन.

तुमची विद्यार्थिनी,
मृणाल

सोबत: रेझ्युमे (एक पान), बेअरिंग प्रयोगाचा रिपोर्ट (नऊ पानं; घाई असेल तर सहाव्या पानावरचा आलेख तेवढा पाहावा)