अडलेले तिकीट

२९ जुलैच्या सकाळी स्मिताने टीमच्या कामांची स्थिती दाखवणारा डॅशबोर्ड उघडला तेव्हा त्यावरचे सगळे चौकोन हिरवे होते. रत्नागिरीतील मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेसाठी तिची पाच जणांची टीम नौकांची नोंद, डिझेलचा हिशेब आणि हवामानाच्या इशाऱ्याचे संदेश अशी तीन कामे सांभाळणारी प्रणाली तयार करत होती. १ जूनपासूनची ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपून १ ऑगस्टला यांत्रिक नौका समुद्रात उतरतील, त्याच पहाटे ती सुरू व्हायची होती. दुपारी चेअरमनना दाखवायच्या सादरीकरणात तिने त्या हिरव्या पडद्याचे चित्र पहिल्याच पानावर लावले.

संस्थेत जाण्याआधी ती मिरकरवाड्याच्या जेटीवर थांबली. पावसाने उघडीप दिली होती, नौकांवरच्या ताडपत्र्या उतरल्या होत्या आणि चाचणीसाठी नाव दिलेले एक वयस्कर तांडेल जाळ्याचे फाटलेले आस सांधत बसले होते.

"ताई, त्या दिवशी इशारा आला असं सगळे सांगतात," ते म्हणाले, "माझ्या फोनवर काहीच वाजलं नाही."

"काका, फोन बघू."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यावरचे रबर सोडवले आणि बटणांचा छोटा फोन तिच्या हातात ठेवला. चाचणीचा इशारा ॲपमधून गेला होता, तेव्हा तो या फोनवर येण्याचा प्रश्नच नव्हता. पण साध्या फोनसाठी एसएमएसचे वेगळे काम टीमने मार्चमध्येच धरले होते आणि ते पूर्ण झाल्याचे स्मिताला कधी कोणी सांगितल्याचे आठवेना.

जवळच्या चहाच्या टपरीवर बसून तिने लॅपटॉप उघडला आणि डॅशबोर्ड बाजूला ठेवून सगळ्या तिकिटांमध्ये, म्हणजे टीमच्या एकेका कामाच्या नोंदींमध्ये, "एसएमएस" हा शब्द शोधला. `MSG-47` समोर आले. स्थिती: `Blocked`. शेवटची नोंद १४ मेची होती: "मजकुराच्या नोंदणीसाठी संस्थेचे सहीचे पत्र हवे. थांबलो आहे."

नोंद लिहिणारा रोहन मेअखेर दुसऱ्या प्रकल्पावर गेला होता. संस्थेच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणारी संस्था, संदेशावर दिसणारे तिचे शीर्षक आणि संदेशाचा नमुना यांची आधी नोंदणी व्हावी लागते. नोंदलेल्या नमुन्याशी न जुळणारा संदेश वाटेतच अडतो. म्हणजे कोड तयार होता, तपासलेलाही होता, आणि तरीही त्यातून एकही इशारा कोणाच्या फोनपर्यंत पोहोचला नसता.

मग हे तिकीट लाल का दिसले नाही? तिने डॅशबोर्डचा फिल्टर उघडला.

```
status in ("To Do", "In Progress", "Done")
```

ही ओळ तिनेच मार्चमध्ये लिहिली होती. `Blocked` ही स्थिती एप्रिलमध्ये टीमच्या मागणीवरून तिनेच वाढवली. फिल्टरमध्ये मात्र ती घालायची राहिली. त्यामुळे एखादे काम अडले की ते लाल होण्याऐवजी मोजणीतूनच बाहेर पडत होते, आणि जितके अडेल तितका पडदा अधिक हिरवा दिसत होता. अडीच महिने रोज सकाळी तिने त्या पडद्यावर विश्वास ठेवला होता. तिने चौथी स्थिती ओळीत घातली. संदेशांचा चौकोन लाल झाला.

सादरीकरणातले जुने चित्र काढून तिने नवे लावले आणि चेअरमनसमोर बसताच सर्वांत आधी तेच दाखवले.

"साहेब, साध्या फोनवरचा इशारा १ तारखेला जाणार नाही. चूक माझ्याकडून झाली आहे. तुमच्या सहीचे पत्र मे महिन्यातच मागायला हवे होते."

चेअरमन बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. "माझ्या सहीसाठी अडलं होतं? मी तर रोज इथेच बसतो, मॅडम."

पत्र दहा मिनिटांत टाइप झाले, सही-शिक्का झाला आणि संध्याकाळपर्यंत नोंदणीचा अर्ज भरला गेला. मंजुरी कधी येईल हे मात्र कोणाच्याच हातात नव्हते. तोपर्यंत काय, याचा मार्ग संस्थेच्या लेखनिक बाईंनी सुचवला. ॲप नसलेल्या नौकांची यादी वहीत उतरवायची आणि इशारा आला की दोघांनी मिळून एकेका तांडेलाला फोन लावायचा. यादीत ३८ नावे निघाली.

३१ तारखेच्या रात्री मंजुरी आली नव्हती. बर्फ भरून झाला होता, इंजिने तपासली जात होती, आणि स्मिता ती वही घेऊन जेटीवर प्रत्येक नौकेपाशी जाऊन क्रमांक पडताळत होती. जाळे सांधणाऱ्या काकांचा क्रमांक तिने स्वतः लावून पाहिला. पिशवीतला फोन वाजला, त्यांनी रबर सोडवून तो कानाला लावला आणि चार हातांवर उभ्या असलेल्या तिला म्हणाले, "हां, बोला ताई."