क्राकूवच्या घरच्यांना

कोल्हापूर
१६ डिसेंबर २०२५

प्रिय बाप्चा, मारेककाका, एवाकाकू, तोमेक आणि काशा,
सप्रेम नमस्कार.

वेसोविख श्व्यांत! काशा, विगिलियाच्या रात्री ओप्वातेक मोडून झाला की जेवायला बसण्याआधी हे पत्र मोठ्यानं वाच आणि सगळ्यांना पोलिशमध्ये सांग.

गेल्या वर्षी तुम्ही पाकिटातून पाठवलेला ओप्वातेक इथं पोचेपर्यंत एका कोपऱ्यात चुरला होता. त्याच्यावर उमटवलेला बाळ येशू मात्र शाबूत होता. चोवीस तारखेला आम्ही गच्चीवर जाऊन पहिली चांदणी दिसायची वाट पाहिली, मग खाली येऊन तो कागदासारखा पातळ तुकडा एकमेकांच्या हातातून मोडून घेतला. बाबा आईला म्हणाले, "तुझे गुडघे बरे होऊ देत." आमच्याकडे तिळगूळ देताना सगळ्यांना एकच वाक्य म्हणतात, गोड बोला. समोरच्याला नेमकं काय हवंय ते ओळखून त्याच्यासाठी तेवढंच मागायचं, ही तुमची रीत आम्हा सगळ्यांच्या मनात बसली. म्हणून आज मीही तसंच मागते.

बाप्चा, तुम्हाला उदंड आयुष्य आणि दुखण्यावाचून झोप लाभो. १९४३ मध्ये सात वर्षांच्या असताना तुम्ही वळिवड्याच्या छावणीत आलात. पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं तिथं राहिली, त्यांतल्या तुम्ही आमच्या. कोल्हापूर तुमचं माहेर आहे आणि माहेरची माणसं तुमची आठवण काढतात, एवढं मनात असू द्या.

एवाकाकू, यंदापासून चोवीस तारखेला तुमच्याकडे सुट्टी आहे. कामावरून धावत येऊन बारा पदार्थांना भिडायची वेळ तुमच्यावर पुन्हा न येवो. मारेककाका, पाकिटात ठेवलेलं कार्पचं खवलं वर्षभर पैसा खेळता ठेवो. तोमेक, परीक्षेत यश मिळो. काशा, तुला मनासारखं काम मिळो, आणि पुण्याची वाट विसरू नकोस.

टेबलावर अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी जे रिकामं ताट मांडता, ते यंदा माझं समजा. टेबलक्लॉथखालच्या गवताचा वास मला इथूनही येतोय.

सिल्व्हेस्टरच्या रात्री बारा वाजतील तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतील. मी जागी असेन. येणारं २०२६ तुम्हा सर्वांना सुखाचं, समाधानाचं, भरभराटीचं जावो. झ्द्रोव्या, श्चेंश्चा, पोमिश्लनोश्ची! आई म्हणते, तिच्याकडून सगळ्यांना आशीर्वाद आणि बाप्चांना नमस्कार. तिनं तिळगुळाचा डबा वेगळा पाठवलाय. संक्रांतीच्या आत पोचला तर चौदा जानेवारीपर्यंत उघडू नका.

श्चेंश्लिवेगो नोवेगो रोकू, आणि दो शेगो रोकू!

तुमची,
सुजाता