दिवाळीचा माल लवकर मिळण्याबाबत व उधारीच्या मुदतीबाबत

फलटण,
२० ऑगस्ट २०२६

मार्केट यार्ड, गुलटेकडी, पुणे येथील आमच्या सर्व घाऊक व्यापारी बंधूंस,

सप्रेम नमस्कार.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पण आमच्या दुकानाची दिवाळी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होते. आमच्याकडून माल नेणारे चार बचत गट फराळ करून पुण्या-मुंबईला आणि परदेशी असलेल्या मुलांना पाठवतात. परदेशातली पार्सलं वेळेत पोचायची तर दसऱ्याआधीच कढई चढवावी लागते.

गेल्या वर्षी माल वसुबारसेच्या संध्याकाळी उतरला. आदल्या दिवशी एक जुन्या गिऱ्हाईक बाई यादी घेऊन आल्या होत्या. रवा, डाळ, साखर सगळं काढून ठेवलं, पण पातळ पोहे नव्हते. त्यांनी यादी परत मागितली आणि म्हणाल्या, "मग सगळंच एका ठिकाणी घेते." तेवीस वर्षांचं गिऱ्हाईक त्या दिवशी रिकाम्या पिशवीनं दुकानातून गेलं. मला ते अजून लागतं.

म्हणून विनंती अशी, की पहिली खेप १ ऑक्टोबरपर्यंत मिळावी: साखर १५ क्विंटल, चणाडाळ ८ क्विंटल, बारीक रवा ५ क्विंटल, पातळ पोहे ४ क्विंटल, तेलाचे १५ किलोचे ६० डबे, सुकं खोबरं १०० किलो. तेव्हा पितृपक्ष असेल, पण त्या दिवसांत माल उतरवून घ्यायला आमची काही हरकत नाही. उलट यार्डात गर्दी कमी असते, टेम्पोही सहज मिळतो. मैदा, खसखस, चारोळी, वेलदोडे यांची दुसरी खेप २२ ऑक्टोबरला चालेल. रवा मात्र ताजाच द्यावा, जुन्या रव्याला जाळी धरते आणि लाडवाचा सगळा खर्च वाया जातो.

आता पैशाचं. पहिल्या खेपेचं बिल साडेतीन लाखांच्या आसपास जाईल. नेहमीची पंधरा दिवसांची मुदत यंदा मला पुरणार नाही. बचत गटांचे पैसे फराळ विकल्यावर येतात, शेतकऱ्यांचे सोयाबीन विकल्यावर, आणि साखर कारखान्याच्या कामगारांचे बोनस झाल्यावर. तेव्हा माल उतरताच एक लाख, धनत्रयोदशीला म्हणजे ६ नोव्हेंबरला सव्वा लाख, आणि उरलेली रक्कम ३० नोव्हेंबरपर्यंत, अशी मुदत द्यावी. पुढील तारखांचे दोन चेक मालाबरोबरच देईन. ३० तारीख चुकली तर यार्डाच्या रिवाजाप्रमाणे व्याज लावावं, मी हुज्जत घालणार नाही. भाव माल निघेल त्या दिवशीचा मान्य. हमाली व भाडं आमच्याकडे.

आपल्या वडिलांच्या काळापासून आपलं खातं चालू आहे आणि एकही चेक परत गेलेला नाही. गेल्या वर्षीची सगळी बाकी मार्चमध्येच मिटवली आहे, खतावणी पाहावी. कोणाला सगळी मुदत जमत नसेल तर जेवढी जमेल तेवढी कळवावी, मी त्या हिशेबानं माल कमी करेन. पण पोहे आणि डाळ कमी करू नयेत.

गणपतीच्या आधी, ५ सप्टेंबरपर्यंत होकार कळला तर बचत गटांना शब्द देता येईल.

आपला,
रमेश
गजानन किराणा, फलटण