फिनाईल, डांबरगोळ्या आणि आपल्या इमारतीतली मुले

माननीय अध्यक्ष, सचिव महोदय आणि सभासद बंधुभगिनींनो,

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही विंगमध्ये कीटकनाशक फवारणीही होणार आहे, म्हणून हा विषय आजच मांडण्याची परवानगी मी मागितली होती.

गेल्या श्रावणात माझ्या अडीच वर्षांच्या नातवाने आमच्या मोरीतली एक बाटली तोंडाला लावली. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून सुटे फिनाईल मी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतले होते, आणि घरात त्याच बाटल्यांतून आम्ही त्याला कोकम सरबत देत होतो. उग्र वासाने त्याने तोंड फिरवले, ओठ आणि हनुवटी लाल होण्यावर निभावले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटलीत नेमके काय होते?" औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षे काम केलेल्या मला त्याचे उत्तर देता आले नाही, कारण बाटलीवर नाव होते ते शीतपेयाचे. ही चूक माझी होती आणि ती आणखी कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठीच मी उभी आहे.

आपण ॲसिडला घाबरतो आणि ते योग्यच आहे, परंतु ज्या वस्तूंना आपण विष मानतच नाही त्यांची मला अधिक काळजी वाटते. डांबरगोळी लहान मुलाला पेपरमिंटसारखी दिसते. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची कमतरता असते आणि अशा मुलांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनमुळे झपाट्याने फुटू लागतात. कापूर तर प्रत्येक देवघरात, बहुधा खालच्याच कप्प्यात, उघड्या डबीत असतो. तो पूजेचा म्हणून निरुपद्रवी वाटतो, पण लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. झुरळांचा खडू पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो. डासांच्या यंत्राची द्रवाची कुपी मात्र आपण जमिनीपासून हातभर उंचीच्या सॉकेटला लावून झोपी जातो.

त्या कुपीतले द्रावण पुष्कळदा रॉकेलसारख्या तेलात केलेले असते. असे तेल पोटात गेल्यावर मुलाला ओकारी काढायला लावली, तर ते श्वासनलिकेत शिरून फुप्फुसांना इजा करते. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा असेल तर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. म्हणून मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे हे उपाय कृपया कोणीही करू नयेत. तोंडात उरलेले पुसून काढावे, डोळ्यांत गेले असल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे, आणि मूल व ती बाटली दोन्ही घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फ्रीजवर लिहून ठेवावा.

साठवणुकीचे म्हणाल, तर सिंकखालचे कपाट ही सर्वांत वाईट जागा आहे. या वस्तू उंचावर, कडी-कुलुपाच्या कपाटात, धान्य आणि औषधांपासून वेगळ्या आणि मूळ बाटलीतच असाव्यात. कीटकनाशकाच्या वेष्टनावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, पण हिरवा म्हणजे मुलांच्या हाती देण्याजोगा असे मुळीच नाही. शौचालयाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवू नये, कारण ती एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. फरशी पुसता पुसता दाराची घंटा वाजली, तर आधी बाटलीचे झाकण लावावे, बादली मोरीत ठेवून मोरीचे दार ओढून घ्यावे आणि मगच दार उघडावे.

आता सोसायटीपुरते. बी विंगच्या जिन्याखाली सफाईचे ॲसिडचे कॅन उघडे असतात आणि संध्याकाळी मुले तिथेच लपाछपी खेळतात. पार्किंगमध्ये उंदरांसाठी टाकलेल्या रंगीत वड्या मी स्वतः दोनदा उचलल्या आहेत. यात आपल्या सफाई कामगारांचा दोष नाही, आपण त्यांना कुलपाची जागाच दिलेली नाही.

तेव्हा माझा ठराव असा: मीटर खोलीशेजारचे रिकामे कपाट कुलूप लावून या साहित्यासाठी द्यावे आणि किल्ली पहारेकऱ्याकडे असावी, उंदरांचे औषध केवळ बंद पेटीतच ठेवण्याची अट कंत्राटदाराला लेखी घालावी, फवारणीची सूचना, औषधाच्या नावासह, दोन दिवस आधी फलकावर लावावी, आणि खुल्या बाटल्यांत फिनाईल विकणाऱ्यांना आवारात प्रवेश देऊ नये. कपाटाच्या कडीकोयंड्याचा आणि कुलपाचा खर्च मी देते. ठरावाला कोणी अनुमोदन द्यावे, अशी विनंती करते.