मॅटखालचा पत्रा

यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या वळणाला सरांनी दुसरा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज चढला, गाडीचा वेग मात्र तिथेच राहिला. ॲक्सिलरेटर आणखी दाबला तर आवाज वाढला आणि जळक्या फायबरचा वास आला.

"क्लच घसरतोय," सर म्हणाले.

"अहो, मग परत फिरू या ना," काकू म्हणाल्या.

उतरताना सरांनी दुसऱ्या गिअरवरच गाडी रोखून धरली, ब्रेकवर फारसा भार येऊ दिला नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. 31 वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातला घर्षणाचा धडा रोज असा समोर येतो.

ऑल्टो डिसेंबर 2010 ची, एमएच-11. येत्या डिसेंबरात 15 वर्षं भरणार, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्यातच 22 सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला होता. तेव्हापासून पुण्याहून मुलाचा एक दिवसाआड फोन यायचा. "बाबा, आता नवी घ्याच. ऑटोमॅटिक घ्या. पैशाचं मी बघतो."

पैशाचं सर स्वतःच बघत आले होते. गाडीच्या कप्प्यात दोनशे पानी वही असे. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, मीटरचा आकडा, बदललेला प्रत्येक भाग, सगळं तिच्यात लिहिलेलं. गेल्या तीन वर्षांची सरासरी वर्षाला 3,800 किलोमीटर: मंडई, दवाखाना, महिन्यातून एकदा वाई, दोन-तीनदा पुणं.

त्या रात्री त्यांनी पानाच्या मध्ये रेघ मारून दोन बाजू केल्या. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत 6 लाख 80 हजार. आठ वर्षांनी विकली तर 2 लाख 40 हजार यावेत. म्हणजे वर्षाला 55 हजारांची घट, वर विमा आणि सर्व्हिसिंगचे 20 हजार. भागिले 3,800. पेट्रोल सोडूनच किलोमीटरमागे जवळपास 20 रुपये. जुनी बाजू मिस्त्रीला दाखवल्याशिवाय भरता येत नव्हती.

बापू मिस्त्रीचं गॅरेज करंज्यात. त्यानं आधी सपाटीवर हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिनानं तिथेच मान टाकायला हवी. इथे ते आरामात चालत राहिलं.

"प्लेट संपली, सर. पण इंजिन बघू, मगच बोलतो."

तिन्ही प्लग काढून त्यानं कॉम्प्रेशनचं घड्याळ लावलं. सरांनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. 158, 155, 160.

"तिन्ही सिलिंडर सारखेच हाईत. एखादा वीस-पंचवीसनं खाली असता तर मीच तुम्हाला नवी घ्या म्हणलो असतो. टाइमिंगचा बेल्ट कधी बदलला?"

वहीत नोंद होती: 61,000 वर. आता मीटर 1,12,400.

"मग बदलायलाच पायजे. त्यो तुटला की गाडी जागेवर बंद. घाटात तुटला तर काय करणार?"

सरांनी टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला: 2219. 2019 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी अजून शिल्लक होती, पण खाचेत नख दाबलं तर रबर दबत नव्हतं. असं कडक रबर ओल्या रस्त्यावर घसरतं, मग नक्षी कितीही खोल असो.

बापूनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. क्लचचा पूर्ण संच मजुरीसह 7,000. टाइमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप 4,600. पंप सोबतच, कारण पुढे तो गळला तर तेवढीच खोलाखोल पुन्हा. चार टायर 12,400. लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड 3,400. रेडिएटर धुणं, होस, कूलंट 2,100. एकूण 29,500. आरटीओची फी 5,000 आणि पर्यावरण कर धरला तरी 38 हजारांच्या आत पुढची पाच वर्षं. वर्षाचा नेहमीचा खर्च मिळवला तरी किलोमीटरला पाच रुपयांच्या आसपास.

वीस आणि पाच. सरांनी मनातल्या मनात मुलाला फोन लावलासुद्धा.

"कामाला घेतो मग," बापू म्हणाला. "तेवढा खालचा पत्रा बघू द्या. पावसाचं पाणी आत येतंय का?"

"डाव्या दारातून येतं. रबर सैल झालंय. मी दर पावसाळ्यात मॅट वाळवतो."

"मॅटच्या खालचं?"

बापूनं डाव्या दाराजवळची मॅट उचलली, खालचा नमदा सोलला. नमदा ओला होता, पिळला तर तांबूस पाणी निघालं. वरून रंग बराचसा शाबूत, फक्त दोन-तीन फोड. त्यानं मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन फोडावर टेकवला आणि तळहातानं हलकेच दाबला. कागदातून जावा तसा तो पत्र्यातून गेला. खाली गॅरेजची फरशी दिसली.

"एवढं तर वेल्डिंगनं होतं," सर म्हणाले.

"मधला पत्रा असता तर तुकडा टाकून दिला असता." बापूनं स्क्रूड्रायव्हर दाराच्या उंबऱ्याकडे सरकवत नेला. कर्र, कर्र आवाज येत गेला. खांबाच्या बुडाशी एक जाड बोल्ट होता, त्याच्याभोवती पापुद्रे सुटलेले. "ह्यो बघा. सीटचा पट्टा हितं धरलाय. धक्का बसला की माणसाचा सगळा भार ह्या बोल्टावर. पट्टा राहील, बोल्ट राहील, पत्राच सुटून येईल. गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरत न्हाय, सर. वरनं गुळगुळीत करून देईन, पण तुम्हाला मी ते देणार न्हाय."

सर उकिडवे बसून त्या बोल्टाकडे पाहत राहिले. ती काकूंची जागा होती. गाडीत बसल्या की त्या आधी पट्टा लावायच्या, नंतर पर्स मांडीवर घ्यायच्या. या गाडीला एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हतं. होता तो हा पट्टा.

दोन दिवसांनी सर शोरूममध्ये गेले ते खिशात टेप घेऊन. घरात काकू कशालाही न धरता उठू शकतात अशी एकच खुर्ची होती, उशीसह 21 इंच. ऑल्टोची सीट भरली होती 18. म्हणून उतरताना त्या दाराची वरची कड धरायच्या आणि दुसऱ्या हातानं सरांचा खांदा. मुलानं पसंत केलेल्या गाडीची सीट 26 इंच निघाली. तिच्यात काकूंना चढावं लागलं असतं. शेजारची उंच टपाची छोटी गाडी 22 भरली. काकू बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. हात मांडीवरच.

"हीच," सर म्हणाले. "गिअरवाली द्या."

विक्रेत्यानं जुन्या गाडीचे एक्स्चेंजमध्ये 35 हजार सांगितले. संध्याकाळी एक जुना विद्यार्थी घरी आला. रंगकाम करतो, दोन लहान मुलं. "सर, गाडी काढताय असं कळलं. मी 45 देतो. तुमच्या हातची गाडी म्हणजे बघायलाच नको."

सरांनी त्याला अंगणात नेलं, डावं दार उघडलं, मॅट उचलली आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला.

"इथे दाब."

त्यानं दाबला. दांडा मुठीपर्यंत आत गेला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

"मग एक्स्चेंजला देताय का, सर?"

"नाही. तिथून ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाईल." सरांनी मॅट पुन्हा जागेवर ठेवली नाही, गुंडाळून बाजूला टाकली. "परवा नोंदणीकृत भंगार केंद्रात नेतोय. वजनाचे येतील तेवढे येतील. तू मोकळा असशील तर ये. सोबत होईल."