ऋतुजासाठी क्वांटम कॉम्प्युटिंगचा रोडमॅप: चोवीस आठवडे, आठवड्याला पाच तास

ऋतुजा,

परवा कँटीनमध्ये तू विचारलंस, "फिजिक्स बारावीनंतर सोडलंय, क्वांटम जमेल का?" मी घाईत "जमेल की" म्हणून लिफ्टकडे पळालो. आता बसून लिहितोय.

वेळ असा धरलाय: मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी लॉगिनच्या आधी एकेक तास, रविवारी तीन तास. रिलीजचा आठवडा मोजायचा नाही, तो सरळ सोडून पुढे जायचं.

फिजिक्सची धास्ती काढून टाक. चिप बनवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण अल्गोरिदम समजून घ्यायला लागतं ते इतकंच: कॉम्प्लेक्स आकड्यांचा एक व्हेक्टर, त्याला गुणणाऱ्या पण त्याची लांबी न बदलणाऱ्या युनिटरी मॅट्रिक्स आणि शेवटी मोजमाप. इंजिनिअरिंगचं एम-थ्रीचं पुस्तक माळ्यावरून काढू नकोस, त्यातलं लाप्लास इथे लागत नाही.

आठवडे १ ते ६: लिनिअर अल्जेब्रा

सुरुवातीला 3Blue1Brown ची लिनिअर अल्जेब्राची व्हिडिओमालिका बघ, मॅट्रिक्स म्हणजे जागेची उलथापालथ हे डोळ्यांना दिसू दे. मग एमआयटी ओपनकोर्सवेअरवरचा गिल्बर्ट स्ट्रँग यांचा 18.06. सगळी लेक्चर्स बघायचा हट्ट नको. मी तो धरला आणि दहाव्याच्या आसपास ढेपाळलो. इनर प्रॉडक्ट, ऑर्थोनॉर्मल बेसिस, आयगेनव्हॅल्यू आणि सव्विसावं लेक्चर एवढं पुरे. त्या सव्विसाव्यात कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स आणि एफएफटी एकत्र येतात, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणाऱ्या शोरच्या अल्गोरिदमला दोन्ही लागतात. टेन्सर प्रॉडक्ट वेगळं करावं लागेल: दोन बाय दोनच्या दोन मॅट्रिक्स घेऊन कागदावर पाच-सहा वेळा घासून काढ.

पहिल्या रविवारी हे चालव:

```python
import numpy as np
F = np.array([[0.5, 0.5], [0.5, 0.5]])
H = np.array([[1, 1], [1, -1]]) / np.sqrt(2)
zero = np.array([1, 0])
print(F @ F @ zero)
print(H @ H @ zero)
```

`F` म्हणजे नाणेफेक. एकदा फेक नाहीतर दोनदा, उत्तर अर्धं-अर्धं. `H` एकदा लावून मोजलंस तरी अर्धं-अर्धंच येतं. पण मध्ये न मोजता दोनदा लावलंस तर शून्य जसंच्या तसं परत मिळतं, फ्लोटिंग पॉइंटचा कचरा सोडून. म्हणजे `H` ही नाणेफेक नाहीच. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या उणे चिन्हामुळे एकाकडे जाणारे दोन रस्ते एकमेकांना खोडतात. "क्वांटम बिट म्हणजे क्युबिट एकाच वेळी शून्य आणि एक असतो" हे वाक्य पेपरात वाचून मी दोन वर्षं समजल्यासारखी मान डोलावत होतो. खरी गोम त्या उण्यात आहे. पुढचा प्रत्येक अल्गोरिदम वाचताना एकच विचार: इथे काय खोडलं जातंय?

आठवडे ७ ते १०: स्वतःचा सिम्युलेटर

इथे घाई करू नकोस. लायब्ररीला हात न लावता, फक्त `numpy` घेऊन सिम्युलेटर लिही. शंभरेक ओळींत होतो.

पहिली आवृत्ती `np.kron` वापरून प्रत्येक गेटची, म्हणजे क्युबिटवरच्या एका क्रियेची, पूर्ण मॅट्रिक्स बनवेल. चालेल, पण फार लांब नाही. १४ क्युबिटना मॅट्रिक्स १६,३८४ बाय १६,३८४ होते. एका कॉम्प्लेक्स आकड्याला १६ बाइट धरले तर एकटी मॅट्रिक्स ४ जीबी, म्हणजे तुझा १६ जीबीचा लॅपटॉप दोन-तीन गेटमध्येच रडायला लागेल. मग दुसरी आवृत्ती: मोठी मॅट्रिक्स बनवायचीच नाही, स्टेट व्हेक्टर `reshape` करून छोटं गेट फक्त त्या क्युबिटच्या अक्षावर लावायचं. आता तेवढ्याच ४ जीबीत २८ क्युबिट बसतात. पुढे दर क्युबिटला मेमरी दुप्पट. ३० ला १६ जीबी, तिथे लॅपटॉपने हात टेकले. क्वांटम मशीनची नक्कल का परवडत नाही, हे ज्याचा प्रोसेस `Killed` झालाय त्याला कुणी समजावायला लागत नाही.

गेट लावलं की चित्रात काय होतं हे बघायला क्विर्क उघडं ठेव. ब्राउझरमध्ये चालतो, खेचून गेट टाकायची. आपल्या सिम्युलेटरचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहा.

आठवडे ११ ते १८: कोर्स आणि किस्किट

आयबीएम क्वांटम लर्निंगवरचा जॉन वॉट्रस यांचा क्वांटम माहितीच्या मूलभूत गोष्टींवरचा कोर्स घे. फुकट आहे, व्हिडिओसोबत लेखी धडेही आहेत, आणि सुरुवात साध्या प्रोबॅबिलिटी व्हेक्टरपासून होते, म्हणजे तुझ्या `F` पासूनच. सर्टिफिकेट हवं असेल तर एनपीटीईएलवर शोध. मला डेडलाइन सोसत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

किस्किट या आयबीएमच्या क्वांटम लायब्ररीत दोन खड्डे आहेत. पहिला: २०२४ मध्ये आवृत्ती १.० आली आणि जुन्या ट्युटोरियलमधलं `from qiskit import Aer, execute` चालेनासं झालं. ही ओळ दिसली की ते ट्युटोरियल बंद कर. सिम्युलेटर आता `qiskit-aer` या वेगळ्या पॅकेजात आहे. दुसरा खड्डा माझा एक अख्खा रविवार खाऊन गेला:

```python
from qiskit import QuantumCircuit
from qiskit.quantum_info import Statevector
qc = QuantumCircuit(2)
qc.x(0)
print(Statevector(qc).to_dict())
```

बहुतेक पुस्तकांत पहिला क्युबिट डावीकडे असतो, म्हणून आपण `10` ची वाट बघतो. किस्किट शून्य नंबरचा क्युबिट उजवीकडे लिहितं, म्हणून येतं `01`. कोड बरोबर होता, मी मात्र संध्याकाळपर्यंत बग शोधत होतो. लिटल एंडियन म्हटलं की तुला लगेच कळेल.

अल्गोरिदमचा क्रम: डॉइच-जोझा, मग ग्रोव्हर, मग क्वांटम फूरिए ट्रान्सफॉर्म. १९९४ चा शोर शेवटी, आणि डोक्यावरून गेला तर जाऊ दे.

ग्रोव्हर तीन क्युबिटवर स्वतःच्या सिम्युलेटरमध्ये कर. आठांतली एक नोंद शोधायची. एका फेरीनंतर यशाची शक्यता सुमारे ७८ टक्के, दोनांनंतर साडेचौऱ्याण्णव, आणि तिसरी फेरी मारलीस तर घसरून ३३. लूप जास्त चालवला म्हणून उत्तर बिघडतं, हे आपल्या धंद्यात सहसा होत नाही. व्हेक्टर फिरत फिरत उत्तराच्या पुढे निघून जातो. त्याचा कोन कागदावर काढ.

आठवडे १९ ते २४: खरं मशीन, मग एक फाटा

आयबीएमच्या फुकट खात्यावर महिन्याला दहाएक मिनिटं खरं क्वांटम मशीन मिळतं. पुरेसं आहे, फक्त सर्किट आधी सिम्युलेटरवर तपासून पाठव. दोन क्युबिट एकमेकांत गुंतवणारी बेल स्टेट पाठवलीस तर कागदावर `00` आणि `11` शिवाय काही येऊ नये, पण तिथे थोडे `01` आणि `10` दिसतीलच. हाच नॉइज. एरर करेक्शनवर लोक आयुष्य का घालतात ते त्या चार आकड्यांत दिसेल.

शेवटचे तीन आठवडे तुझे. मी तुझ्या जागी असतो तर पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी, म्हणजे क्वांटम मशीनलाही फुटू नये असं एन्क्रिप्शन, घेतली असती. अमेरिकेच्या निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं जाहीर केली, आणि आपल्या पेमेंट सर्व्हिसमधलं आरएसए कधी ना कधी बदलावं लागणार आहे. क्वांटम मशीन लर्निंगकडे तुझा ओढा आहे हे माहितेय. त्यासाठी पेनीलेन ही लायब्ररी बघ, पण मला त्यातल्या दाव्यांपेक्षा उदाहरणंच जास्त आवडली.

नोकरी बदलायच्या हिशेबाने हे करू नकोस. केंद्राच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये सहा हजार कोटींवर मंजुरी मिळाली, पवईच्या आयआयटीत सेन्सिंगचं केंद्रही आहे, पण बरीचशी पदं अजून पीएचडीवाल्यांकडेच जातात.

दहाव्या आठवड्याच्या रविवारी तुझा सिम्युलेटर मला पाठव. `reshape` मध्ये अक्षांची अदलाबदल झालेली असणार, सगळ्यांचीच होते. सोमवारी चहाला दाखवेन कुठे ते.