गणेशोत्सव २०२६ : वर्गणीबाबत निवेदन

गल्ली क्रमांक ४ मधील सर्व रहिवासी व दुकानदार यांस सप्रेम नमस्कार.

यंदा श्रींची प्रतिष्ठापना सोमवार, १४ सप्टेंबरला आणि विसर्जन शुक्रवार, २५ सप्टेंबरला आहे. एकूण खर्चाचा अंदाज ९२,००० रुपये. त्यात सर्वांत मोठी रक्कम मांडव आणि मंचाची, २८,००० रुपये. पूजासाहित्य, दक्षिणा व रोजचा प्रसाद १६,५००, रोषणाई व वीज १४,००० (कुणाच्या घरातून वायर ओढायची नाही, म्हणून तात्पुरतं मीटर घेत आहोत), शाडूची मूर्ती ९,५००, मुलांच्या स्पर्धा ९,०००, ध्वनिक्षेपक ८,०००, विसर्जनाचा टेम्पो व लेझीम ७,०००.

गेल्या वर्षीचे ११,४०० रुपये शिल्लक आहेत. उरलेले ८०,६०० गल्लीतल्या १२४ घरांत विभागले तर घरटी ६५० येतात. हा आकडा फक्त अंदाज यावा म्हणून दिला आहे. जमेल तेवढं द्यावं. यंदा जमणार नसेल तर तसं सांगितलं तरी पुरे, कारण विचारलं जाणार नाही. कोणी किती दिले याची यादी फलकावर लागणार नाही. आरती, प्रसाद आणि स्पर्धा सगळ्यांसाठी आहेत. रक्कम कमी पडली तर आधी रोषणाई कमी करू, मुलांच्या स्पर्धांना हात लावणार नाही.

२२–२३ आणि २९–३० ऑगस्टला सायंकाळी ६ ते ८.३० या वेळेत ओळखपत्र लावलेले दोन कार्यकर्ते प्रत्येक घरी एकदाच येतील. दार बंद असेल तर हे निवेदन ठेवून जातील, पुन्हा येणार नाहीत. रोख दिल्यास छापील क्रमांकाची पावती तिथेच घ्यावी. पावतीपुस्तक नसेल तर पैसे देऊ नयेत.

ऑनलाइन द्यायचे असल्यास मंदिराजवळच्या फलकावरचा क्यूआर कोड वापरावा. स्क्रीनवर मंडळाचं नाव दिसायला हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबून आम्हाला कळवावं. शेऱ्यात घर क्रमांक जरूर लिहावा. गेल्या वर्षी नऊ जणांचे पैसे जमा झाले, पण घर क्रमांक नसल्यामुळे पावत्या कोणाला द्यायच्या ते कळेना.

वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालील परवानगी घेतली असून तिची प्रत फलकावर लावली आहे. या वर्गणीवर आयकरात ८०जी ची सवलत मिळत नाही, याची नोंद घ्यावी.

पैशांऐवजी वस्तू किंवा वेळही देता येईल. प्रसादासाठी रवा, साखर, तूप चालेल. मात्र तारीख आधी सांगावी, म्हणजे एकाच दिवशी सगळं येऊन वाया जाणार नाही. मांडवात रात्री जागायला माणसं कमी पडतात, तिथे दोन तासांची मदतही मोठी आहे.

बिलांसह जमाखर्च रविवार, ४ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता मंदिराच्या सभामंडपात मांडला जाईल. त्याआधी काही विचारायचं असल्यास खजिनदार रोज सायंकाळी ७ ते ८ मंदिराच्या ओट्यावर भेटतील.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह व खजिनदार
गल्ली क्रमांक ४ सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ